आंघोळीला जाण्याआधी बिजागरी बघा

तुमच्या बाथरूममध्ये काचेचं दार असेल, तर हे वाचून झालं की उठा आणि ते दार एकदा सावकाश उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. रविवारवर ढकलू नका. रविवारच्या आत घरातली सगळी माणसं त्या दाराजवळून अनवाणी, ओल्या पायांनी कितीतरी वेळा ये-जा करणार आहेत.

मी काचकाम करतो. दारं बसवायला जातो, तसा फुटलेली दारं पोत्यात भरायलाही जातो. भरताना घरातलं कोणीतरी मागे उभं राहून हमखास म्हणतं, "अहो, पण काच तर टफन होती. बारा एमएमची होती." ते खोटं बोलत नसतात. काच टफनच असते, जाडही असते. दार कशाला धरून उभं आहे, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. तेच तुम्ही पाहावं म्हणून हा सगळा खटाटोप.

डोंबिवलीतल्या एका घरातलं दार सांगतो. २७ इंच रुंद, ७ फूट उंच. आधी ८ मिलिमीटरची काच ठरली होती. घरात चार वर्षांचा मुलगा, म्हणून वडील म्हणाले, जाड काच घ्या, पैसे जाऊ देत. काच आली १२ मिलिमीटरची. बिजागऱ्या मात्र आधी आणून ठेवल्या होत्या त्याच लागल्या.

आता वजन मोजू. हिशोब सोपा आहे, तुम्हीही करू शकता. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाडीची, अडीच किलो भरते. हे दार साधारण दीड चौरस मीटरचं. ८ मिलिमीटरमध्ये ते २९ किलोचं झालं असतं, १० मध्ये ३७ किलोचं. १२ मध्ये ते ४४ किलोचं झालं. बिजागऱ्यांच्या खोक्यावर छापलं होतं: जोडी ४० किलोपर्यंत, काच ८ ते १० मिलिमीटर. बाप बिचारा मुलाच्या काळजीपोटी जादा पैसे मोजून आला होता, आणि त्याच पैशांनी बिजागरीवर तिला न पेलणारा बोजा चढला.

तुमच्या घरी काम चालू असेल तर इथेच थांबा. काचवाल्याला विचारा, "दाराचं वजन किती होणार? आणि बिजागरी किती किलोची?" बिजागरीचा आकडा दाराच्या वजनापेक्षा चांगला जास्त हवा. जेमतेम बरोबर चालणार नाही. तो आकडा सांगता आला नाही, तर खोकं मागा. खोकंही नसेल, तर ती बिजागरी लावू देऊ नका. यात भांडण कसलं? तुम्ही तुमच्या घराचं विचारताय.

डोंबिवलीत पुढे काय झालं ते बघा. बिजागरीला दोन पत्रे असतात, त्यांच्यामध्ये काच चिमटीसारखी धरलेली असते. धातू काचेला लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना पॅकिंग असतं, आम्ही त्याला गास्केट म्हणतो. ती बिजागरी १० पर्यंतच्या काचेची. १२ ची काच तिच्या तोंडात जाईना. मिस्त्रीने एका बाजूचं गास्केट काढून टाकलं आणि स्क्रू आवळले. काम झालं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत मात्र धातू थेट काचेला टेकला होता, आणि एका बाजूची पकड गेली होती.

वरच्या बिजागरीचं दुखणं वेगळं होतं. तिचे स्क्रू जिथे बसले तिथे टाइलच्या मागे माल नव्हता. टाइल लावणारे घाईत मधे चार-पाच थापे देतात आणि कोपरे पोकळ राहतात. प्लगला धरायला भिंतच मिळाली नाही, तो टाइलच्या जाडीत कसाबसा अडकून होता.

आणि दार सतत ओढत असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. लाकडी दार चौकटीत तीन-चार बिजागऱ्यांवर असतं, हे दोनच बिजागऱ्यांवर हवेत लटकलेलं असतं. खालची बिजागरी भिंतीवर दाबते, वरची भिंतीपासून उपटायला बघते. त्या दारात वरच्या बिजागरीवर रात्रंदिवस नऊ-साडेनऊ किलोची ओढ होती. १५ किलोचं पोर हँडलला लोंबकळलं की त्यात आणखी पाच-सहा किलोंची भर पडते. चांगल्या भिंतीत नीट बसलेल्या प्लगला हे जड नाही. पोकळ टाइलमधल्या प्लगला ते रोज थोडं थोडं सैल करतं.

म्हणून आत्ता बाथरूममध्ये जा आणि बिजागरीशेजारची टाइल बोटाच्या पेराने वाजवा. लक्षात ठेवा, टाइल वाजवायची, काच नाही. भरीव आवाज आला तर ठीक. मडकं वाजवल्यासारखं पोकळ वाजलं, तर आजच मिस्त्रीला फोन करा. फ्रिजवरचं लोहचुंबक हाताशी असेल तर तेही स्क्रूच्या डोक्याला लावून बघा. घट्ट चिकटलं, तर स्क्रू बहुधा लोखंडाचा आहे, वरून नुसता मुलामा. बाथरूमच्या दमटपणात तो आतून गंजणार. तुम्ही मालवण, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेत राहत असाल तर दुप्पट लवकर समजा. बिजागरी पितळेची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची हवी. जस्ताच्या मिश्रधातूची, वरून चकचकीत केलेली, स्वस्तात मिळते. दुकानात दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात, हातात घेतली की जस्ताची हलकी लागते. आणि कृपा करून फरशी धुण्याचं अ‍ॅसिड त्या बिजागरीवर उडू देऊ नका. मी दहा वर्षांच्या बिजागऱ्या ठणठणीत पाहिल्यात आणि दोन वर्षांच्या अ‍ॅसिडने खाल्लेल्याही.

टफन काच मजबूत असते मग ती फुटते कशी, हेही समजून घ्या, म्हणजे काय जपायचं ते कळेल. साधी काच भट्टीत सव्वासहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. वरचा थर आधी थिजतो, आतला गाभा मागून थंड होत आकसतो आणि वरच्या थराला आत खेचून धरतो. वरचा थर दाबलेला, आतला ताणलेला. मूठ मारा, खांदा आपटा, मधोमध ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट मार सोसते. पण तो दाबलेला थर प्रत्येक बाजूने जेमतेम जाडीच्या पाचव्या हिश्शाइतका असतो. १० मिलिमीटरच्या काचेत २ मिलिमीटर. एखादी चीर तो ओलांडून आतल्या ताणात शिरली, की सगळी काच एका क्षणात मोकळी होते. आणि चीर शिरायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे कड आणि कोपरा. टाइल काचेपेक्षा कठीण असते, ग्रॅनाइटही. काचेचा खालचा कोपरा त्यांना टोकाने टेकला, तर हळू धक्काही पुरतो.

डोंबिवलीच्या दाराखाली पहिल्या दिवशीच जेमतेम ५ मिलिमीटर फट होती. दीड वर्षात वरचा प्लग ढिला झाला, गास्केट नसलेल्या बिजागरीतून काच थोडी खाली सरकली, आणि फट संपली. कोपरा ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला घासू लागला. घरच्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांनी सवय लावून घेतली. हँडल जरा वर उचलायचं आणि मग दार लावायचं. पाहुण्यांनाही सांगायचे, "दार जरा उचलून लावा हं." एका संध्याकाळी आई मुलाला आंघोळ घालत होती. हाताला साबण होता, दार उचलायचं राहिलं. कोपरा उंबऱ्यावर टेकला आणि ४४ किलो काच दोघांच्या अंगावर आणि पायांत सांडली.

आईच्या तळहाताला टाके पडले, मुलाच्या पावलाला पडले. काच टफन होती म्हणून निभावलं, हे मी मुद्दाम सांगतो. साधी काच असती तर सुऱ्यांसारखे लांब तुकडे पडले असते. टफन काच बारीक, बोथट खड्यांत फुटते, पण ते खडे कधी कधी एकमेकांना चिकटून मोठ्या ढेपेसारखे पडतात, आणि ओल्या अनवाणी पायाला बारीक खडाही कापतो.

तुमच्या घरात दार "जरा उचलून" लावता का? "जरा दाबून"? "एका ठरावीक ठिकाणी थांबवून"? मग आज रात्रीपासून ते दार वापरू नका. उघडं ठेवा, खाली घडी घातलेला जुना टॉवेल टेकू म्हणून सरकवा, मुलांना तिकडे पाठवू नका आणि बादली घेऊन बाहेरच्या न्हाणीत आंघोळ करा. दोन दिवसांची गैरसोय आहे. दार स्वतः काढायला मात्र जाऊ नका. ३०-४० किलोची काच एकट्या माणसाच्या हातातून निसटते, आणि ती कोपऱ्यावरच पडते.

ज्यांचं दार घासत नाही त्यांनीही तपासा. मुलाच्या कंपासमधली पेन्सिल घ्या. दार बंद करा आणि पेन्सिल आडवी ठेवून ती दाराखालून भिंतीपासून हँडलपर्यंत सरकवा. पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते, तेवढी फट सगळीकडे मिळायला हवी. आम्ही नव्या कामात ८ ते १० ठेवतो. पाणी अडवायला खाली प्लास्टिकची पट्टी असेल, तर पेन्सिल जाणार नाही. तेव्हा खाली वाकून पट्टीच्या वर काचेची कड कुठे आहे ते बघा. पट्टी जमिनीला टेकली तर चालते, काच कुठेही टेकता कामा नये. मग दार सावकाश पूर्ण उघडा. ते नळाला लागतं? कमोडला? हँडल भिंतीवर आपटतं? तर स्टॉपर लावून घ्या. शेवटी हँडल हलकेच वर उचलून बघा. बिजागरीत खडखड जाणवली, तर स्क्रू ढिले आहेत. ते जाणत्याकडूनच आवळून घ्या. घाईत कचकचून आवळलेला स्क्रूही काच फोडतो.

जाडीबद्दल माझं मत विचाराल तर घरातल्या नेहमीच्या दाराला ८ किंवा १० मिलिमीटर पुरते. १२ ची हौस शोरूमला शोभते. जाडीवर घालायचे पैसे बिजागरीवर घाला आणि दार अरुंद करा. अरुंद दार हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच कोणी सांगत नाही. ३० इंचांऐवजी २४ इंचांचं दार केलं, तर वजन पाचव्या हिश्शाने उतरतं, आणि वरच्या बिजागरीवरची ओढ त्याहून जास्त, एक तृतीयांशापेक्षाही अधिक उतरते. कारण वजनही कमी होतं आणि ते भिंतीच्या जवळही येतं. उरलेली जागा स्थिर काचेला द्या, आणि त्या स्थिर काचेचा वरचा मोकळा कोपरा आडव्या दांडीने भिंतीला बांधून घ्या. दांडी दिसायला आवडत नाही म्हणून पुष्कळ जण ती काढायला लावतात. काढू नका. ती नसेल तर स्थिर काच डोलते, आणि तिच्यावर दार टांगलेलं असेल तर दारही डोलतं.

दार बाहेर उघडणारं घ्या, हाही आग्रह धरा. आजी आत घसरून पडल्या आणि दार आत उघडणारं असेल, तर ते त्यांच्याच अंगाला अडतं. मदतीला धावलेला माणूस काचेवर जोर लावतो. पुढचं लिहीत नाही.

काच विकत घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. कोपऱ्यात कायमचा शिक्का हवा. चिकटवलेलं स्टिकर नव्हे, काचेतच उमटवलेला आणि नखाने न निघणारा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा आकडा शोधा. आणि चारही कडांवरून नजर फिरवा, बिजागरीच्या खाचांतूनही. कड घासून गुळगुळीत केलेली हवी, खाचेचे आतले कोपरे गोलसर हवेत. कुठे तांदळाच्या दाण्याएवढा टवका दिसला तरी ती काच परत पाठवा. "बिजागरीखाली झाकून जाईल" असं कोणी म्हणेल. बिजागरीखालचाच टवका सगळ्यात वाईट, कारण भार तिथेच येतो.

आणखी एक ओळखण. कोणी म्हणालं, "मापात थोडी जास्त झालीय, इथेच कापून देतो" किंवा "भोक जागेवरच पाडतो", तर त्याला हात जोडा आणि निरोप द्या. टफन झालेली काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, प्रयत्न केला की फुटते. सगळं कापणं, भोकं, घासणं भट्टीआधी होतं. जागेवर कापली गेली, याचा अर्थ ती काच टफन नव्हतीच. म्हणून माप टाइल लागल्यावर घ्यायला लावा, आधी नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर ते मापातच सांभाळावं लागतं, नंतर ठोकून-दाबून नाही.

कधी कधी रात्री कोणी हात न लावता दार फुटतं. तेव्हा कारागीर लगेच निकेल सल्फाइडचं नाव घेतात. ते खरं कारण आहे. काच बनताना निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहिला, तर तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि एके दिवशी आतल्या ताणात चीर पाडतो. यावर उपाय म्हणजे हीट सोक. टफन झालेली काच पुन्हा भट्टीत काही तास तापवून धरतात, म्हणजे असा कण असलेली काच बहुधा कारखान्यातच फुटून जाते. मिळत असेल तर ती घ्या. पण मी उचललेल्या बहुतेक दारांचं दुखणं कडेला किंवा बिजागरीत सापडलं, कणात नाही. कणावर खापर फोडणं सोपं पडतं, कारण त्याला कोणी जबाबदार नसतो.

दार बदलणं आत्ता जमणार नसेल, तर काचेवर पारदर्शक सुरक्षा फिल्म लावून घ्या. काच फुटली तरी खडे फिल्मला चिकटून राहतात. फिल्म दार फुटण्यापासून वाचवत नाही, आणि सैल बिजागरीवर तो इलाजही नाही. पण आतल्या माणसाला दोन पावलं मागे सरकायला वेळ मिळतो.

मुलांना आजच तीन गोष्टी शिकवा. हँडलला लोंबकळायचं नाही. दार फुटलं किंवा पडू लागलं तर धरायला जायचं नाही, तोंड फिरवायचं. आणि फुटल्यावर एक पाऊलही टाकायचं नाही, तिथेच उभं राहून हाक मारायची. एक जोड चपला बाथरूमच्या दाराबाहेर कायम ठेवा, आणि एक जोड आत, हात पोहोचेल तिथे. हाक आली की आधी चपला घाला, मग आत जा. घाबरलेली आई अनवाणीच धावते, हे मी पाहिलं आहे. लहान मूल असेल तर त्याला उचलून बाहेर आणा. खडे झाडूने गोळा केल्यावर उरलेला बारीक चुरा ओल्या वर्तमानपत्राने टिपा, आणि हातात जाड मोजे असू द्या.

शेजारच्या फ्लॅटमध्येही याच बिल्डरने, याच मिस्त्रीने, याच महिन्यात दार बसवलं असेल. तुमच्या दारात पोकळ टाइल सापडली, तर त्यांचीही बेल वाजवा. ती पेन्सिल बरोबर घेऊन जा.